पहिलं हस्तलिखित आणि पाच पुस्तकं : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

काम असं ठरलं आहे : एका नव्या लेखिकेची पहिली कादंबरी या महिन्यात सुरू होईल आणि वर्षअखेरीपर्यंत तिचा दुसरा खर्डा हातात यायला हवा. सोबत कादंबरीतंत्राची पुस्तकं ठेवायची आहेत. चांगल्या पुस्तकांच्या याद्या हव्या तितक्या मिळतात. अडचण वेगळीच असते. नवा लेखक ही पुस्तकं लिहिण्याआधी एका दमात वाचून काढतो, मग पहिल्या वाक्यालाच त्याला पन्नास नियम आठवतात आणि हात थांबतो. म्हणून इथे प्रत्येक पुस्तकाला उघडायची वेळ नेमून दिली आहे. त्या वेळेआधी ते कपाटातच राहील.

फळीवर पाच पुस्तकं आहेत. स्टीफन किंगचं ‘ऑन रायटिंग’ (२०००) रोजच्या शिस्तीसाठी. ड्वाइट स्वेनचं ‘टेक्निक्स ऑफ द सेलिंग रायटर’ (१९६५) प्रसंग अडला तर. जॉन गार्डनरचं ‘द आर्ट ऑफ फिक्शन’ निवेदन डळमळलं तर. अर्सुला ले ग्विनचं ‘स्टीअरिंग द क्राफ्ट’ सरावासाठी. रेनी ब्राउन आणि डेव्ह किंग यांचं ‘सेल्फ-एडिटिंग फॉर फिक्शन रायटर्स’ फक्त दुसऱ्या खर्ड्यासाठी. या शेवटच्या पुस्तकाला चक्क दोरी बांधून ठेवली आहे. पहिल्या खर्ड्यात ते उघडलं तर रोजचं लिखाण कालचं खोडण्यातच संपतं.

पटकथेची पुस्तकं मुद्दाम घेतलेली नाहीत. ब्लेक स्नायडरच्या ‘सेव्ह द कॅट’मध्ये एकशेदहा पानांच्या पटकथेत बाराव्या पानावर ठिणगी, पंचवीसवर दुसरा अंक, पंचावन्नवर मध्यबिंदू असं वेळापत्रक आहे. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, म्हणून तिथे पानाचा आकडा बोलतो. कादंबरीसाठी हेच आकडे टक्क्यांत करून देतात. पण पहिला खर्डा लिहिताना एकूण लांबीच ठाऊक नसते, मग टक्के काढायचे कशाचे? खर्डा संपल्यावर हा हिशेब करून पाहायला हरकत नाही.

कथानकाचा सांगाडा नोंदीपुरता : २००३ सालचा दुष्काळ, गावातलं दूध संकलन केंद्र. दोन गायींवर घर चालवणारी सुमन. केंद्रावर माप आणि फॅट बघणारा नाना. सुमनच्या दुधाची फॅट एकाएकी कमी लागायला लागते, आणि तिथून गोष्ट सुटते.

१२ जून

रोजचं माप ठरवलं.

किंगचा सल्ला नवशिक्याला दिवसाला १००० शब्द आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी असा आहे. पहिला खर्डा तीन महिन्यांच्या पलीकडे जाऊ नये, असंही तो म्हणतो. त्यानंतर पात्रं शिळी होतात, लेखकालाच गोष्ट परकी वाटायला लागते. तीन महिने ठीक. पण हजाराचा आकडा मराठीत जसाच्या तसा घेतला तर फसगत होते.

‘ती शेजाऱ्यांच्या घरासमोर उभी होती.’ हे पाच शब्द. इंग्रजीत एवढंच सांगायला नऊ लागतात, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, इंग्रजीतली सुटी असतात आणि वेगळी मोजली जातात. प्रत्येक वाक्यात फरक इतका मोठा नसतो. पण मराठीतले हजार शब्द म्हणजे इंग्रजी हजारांहून बरंच जास्त काम, हे नक्की. नवा लेखक सातशेवर दमतो, आपण आळशी आहोत असं समजतो आणि तिसऱ्या आठवड्यात वही बंद करतो. त्यात आळस नसतो, मोजमाप चुकलेलं असतं.

म्हणून ६०० शब्द, आठवड्याचे सहा दिवस. आठवड्याला ३६०० आणि तेरा आठवड्यांत ४६,८००. छापील पानावर पावणेतीनशे शब्द धरले तर साधारण १७० पानं. पहिल्या कादंबरीला पुरेत.

हाताने लिहिणाऱ्यासाठी : स्वतःच्या अक्षरातल्या दहा ओळींतले शब्द मोजायचे, दहाने भागायचं, म्हणजे ओळीचा सरासरी आकडा मिळतो. मग रोज फक्त ओळी मोजायच्या. हे एकदाच करावं लागतं.

आणखी एक निर्णय आजच घेतला, कारण तो पुढे घेता येत नाही. निवेदन ‘केलं, गेलं, म्हटलं’ असं बोलीच्या वळणाचं असेल की ‘केले, गेले, म्हटले’ असं? लेखिकेने पहिलं वळण निवडलं. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर हे पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. यावर एकाही इंग्रजी पुस्तकात ओळ नाही, असायचं कारणही नाही.

१६ जून

लेखन सुरू. नियम एकच : कालचं शेवटचं पान वाचायचं, दुरुस्त काहीच करायचं नाही. चूक दिसली की समासात फुली मारून पुढे जायचं. फुलीशेजारी कारण लिहायचं नाही, नाहीतर तिथेच अर्धा तास जातो.

१३ जुलै

चार आठवडे झाले. १४,४०० व्हायला हवे होते, १२,९०० झाले. चिंता नाही. पण चौथं प्रकरण नऊ दिवस हललेलं नाही, तेव्हा स्वेन उघडला.

स्वेन ओक्लाहोमा विद्यापीठात लेखन शिकवायचा आणि स्वस्त मासिकांसाठी लिहिणाऱ्या व्यावसायिकांच्या पठडीतला होता. त्याची भाषा दुकानदारीची आहे. नाक मुरडून ती बाजूला ठेवणारे बरेच असतात, आणि तिथेच त्यांचं नुकसान होतं. त्याने प्रसंगाचे तीन भाग सांगितले आहेत : पात्राला आत्ता, या घटकेला काय हवंय. त्याला कोण किंवा काय आडवं येतं. आणि शेवटी पात्र सुरुवातीपेक्षा वाईट जागी कसं पोचतं. या प्रसंगानंतर एक उत्तरार्ध येतो, त्याचेही तीन भाग : मनावर उमटलेला घाव, समोरचा पेच, आणि त्यातून घेतलेला निर्णय. त्या निर्णयातून पुढच्या प्रसंगातलं ‘हवंय’ तयार होतं. अशी साखळी.

चौथ्या प्रकरणात चार प्रसंग आहेत : आठवडी बाजार, बँक, माहेर, परतीची एसटी. प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलीने तीन उत्तरं लिहायची असं ठरवलं. बाजार आणि बँक यांची उत्तरं आली. माहेराच्या प्रसंगात ‘काय हवंय’ला उत्तर मिळालं, चाऱ्यासाठी भावाकडून पाच हजार. ‘आडवं काय येतं’ची जागा मात्र कोरीच राहिली. भाऊ हसून पैसे देतो, वहिनी चहा करते, सुमन निघते. चार पानं झाली आणि गोष्ट होती तिथेच. लेखिका पुढच्या एसटीच्या प्रसंगात अडकली होती ती यामुळे. सुमनने बसमध्ये विचार करावा असं मागे काही घडलेलंच नव्हतं. अडचण जिथे दिसते, तिच्या एक प्रसंग मागे ती असते, हे स्वेनच्या साखळीने चटकन सापडतं.

आता दुरुस्ती. ‘शेवटी वाईट जागी’ म्हटलं की नव्या लेखकाला अपघात, मारामारी, निदान भांडण तरी सुचतं. पहिला मसुदा तसाच आला : भाऊ पैसे नाकारतो, आवाज चढतात. हे कामाचं नाही, कारण नकाराने दार बंद होतं आणि पेच उरत नाही. मग दुसरा मार्ग घेतला. भाऊ पैसे देतो, मोजून देतो, आणि नोटा तिच्या हातात असतानाच म्हणतो, “ताई, आलीच आहेस तर त्या हक्कसोड पत्राचं पण बघून टाकू. तलाठ्याला उद्या बोलावतो.” ज्याच्यासाठी ती आली होती ते तिला मिळालं, आणि त्याची किंमत मिळाल्यानंतर कळली. नोटा परत ठेवल्या तर गायी उपाशी. ठेवून घेतल्या तर बापाच्या जमिनीतला वाटा गेला. आता एसटीतल्या दोन पानांना काम मिळालं. घाव, पेच आणि निर्णय, तिन्ही त्यात बसतात. हे प्रकरण पुढे पाच दिवसांत संपलं.

मर्यादाही नोंदवून ठेवू. सगळे प्रसंग या साच्यात ओतले तर कादंबरी खडखडायला लागते, दर सहा पानांनी एक धक्का, वाचकाला तालच पाठ होतो. सातव्या प्रकरणात अख्खं गाव टँकरची वाट बघत बसलंय. तिथे एकट्या सुमनला काही हवंय असं नाही, सगळ्यांनाच एकच हवंय आणि कोणी काही करू शकत नाही. त्या प्रकरणाला स्वेन लावायचा नाही. जिथे लेखन अडलंय तिथेच त्याला बोलवायचं.

२ ऑगस्ट

गार्डनर. या पुस्तकातली एकच गोष्ट या टप्प्यावर घ्यायची, पण ती पूर्ण घ्यायची.

सहाव्या प्रकरणात पहिल्या वाचकाने तीन ठिकाणी ‘इथे काहीतरी तुटतंय’ असं लिहिलं. भाषा चुकलेली नाही, तपशील बरोबर आहेत, तरी तुटतं. याला गार्डनरकडे नाव आहे : मानसिक अंतर, म्हणजे वाचक आणि पात्र यांच्यामधलं अंतर. तो एकच माणूस पाच वाक्यांत दाखवतो. पहिल्यात तो लांबून दिसणारा अनोळखी माणूस असतो, पाचव्यात आपण त्याच्या कातडीत असतो. त्याची उदाहरणं हिमवादळाची आहेत. आपल्या हस्तलिखितासाठी तीच शिडी अशी बांधली :

१. २००३ सालच्या मार्चमधली पहाट होती. डेअरीसमोरच्या रांगेत एक मध्यमवयीन बाई किटली घेऊन उभी होती.

२. सुमनबाईंना रांगेत उभं राहणं कधीच आवडलं नव्हतं.

३. सुमनला या रांगेचा वैताग यायचा.

४. काय मेली ही रांग, रोजची!

५. दंडाला रग, कडी बोटांत रुतलेली, आणि पुढचा अजून झाकणच उघडतोय.

कुठलीही पायरी दुसरीपेक्षा चांगली नाही. प्रकरण पहिल्या पायरीवर उघडलं तर गाव, साल, हवा एका ओळीत सांगता येतात. पाचवीवर ते जमत नाही, कारण रांगेत ताटकळणारी बाई स्वतःशी ‘हे २००३ साल आहे’ असं म्हणत नाही. चूक उडी मारण्यात असते. हस्तलिखितातला परिच्छेद असा होता :

‘संकलन केंद्र गावाच्या पूर्वेला, शाळेच्या जुन्या खोलीत भरत असे. तीन पॉइंट एक! कालच तर तीन सहा होती, मेल्याने ढवळलं तरी होतं का? सुमन ही कष्टाळू आणि स्वाभिमानी स्त्री होती.’

पायऱ्या लावल्या तर १, ५, १. वाचकाला लांबून उचलून थेट तिच्या डोक्यात टाकलं आणि तिथून पुन्हा बाहेर ओढून तिच्याबद्दल प्रमाणपत्र वाचून दाखवलं.

तपासायची रीत सोपी आहे. प्रकरणाची एक प्रत घ्यायची आणि प्रत्येक वाक्याच्या समासात १ ते ५ पैकी आकडा लिहायचा. फार विचार करायचा नाही, पहिला मनात येईल तो. एकाच परिच्छेदात शेजारच्या दोन वाक्यांत दोनहून जास्त फरक आला की खूण करायची. सहाव्या प्रकरणात अशा अकरा खुणा निघाल्या, आणि वाचकाच्या तिन्ही तक्रारी त्या अकरांत होत्या. दुरुस्तीत वाक्यं फारशी बदलावी लागत नाहीत, मधली पायरी घालावी लागते :

‘संकलन केंद्र शाळेच्या जुन्या खोलीत भरायचं. सुमन तिथे पोचली तेव्हा रांग दारापर्यंत आली होती. तिची पाळी आली, नानाने तळातून एक पळी नमुना काढला आणि मशीनवर आकडा उमटला. तीन पॉइंट एक. काल तर तीन सहा होती. ढवळलं तरी होतं का याने?’

१, २, ३, ४, ५. प्रत्येक परिच्छेद असा पायरीपायरीने उतरायला हवा असं नाही, हा नमुना आहे. ‘कष्टाळू आणि स्वाभिमानी’ गेलं. त्याची गरज नव्हती. आणि ‘तळातून’ हा शब्द आला. दूध न ढवळता तळातून नमुना घेतला तर साय वर राहते आणि फॅट कमी लागते, हे दूधवाल्या घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. शहरी वाचकाला पुढच्या प्रकरणात कळेल. आत्ता सुमनला कळतंय एवढं पुरे.

५ ऑगस्ट

कालपरवाच्या नोंदीला जोड, कारण इथे मराठीची स्वतःची सोय आहे आणि ती वाया जाऊ देणं बरं नव्हे.

इंग्रजीत पात्राचा विचार निवेदनात मिसळताना काळ मागे ढकलावा लागतो, सर्वनाम बदलावं लागतं, आणि त्यावर पुस्तकांची पानंच्या पानं खर्च होतात. मराठीत विचार ज्या काळात मनात आला त्याच काळात राहतो : ‘सुमनने मशीनकडे पाहिलं. आज परत कमी लागणार.’ वर्तमान, भविष्य, काहीही चालतं. पात्राच्या अगदी जवळ जायला आपल्याला कष्ट कमी पडतात. धोका मात्र त्यातच आहे. प्रसंगात दोन माणसं असली की विचार कुणाचा हे धूसर होतं.

इथे ‘आपण’ कामाला येतो. ‘ती उगीच बोलली असं तिला वाटलं’ या वाक्यात बोललेली ती कोण? सुमन की तिची जाऊ? ‘आपण उगीच बोललो असं तिला वाटलं’ म्हटलं की प्रश्नच मिटतो. ज्याच्या मनात आहे तोच ‘आपण’. पुढे जाऊन ‘असं तिला वाटलं’ही काढता येतं : ‘सुमन गप्प झाली. आपण कशाला बोलायचं?’ हस्तलिखितात जाऊ आणि सुमन यांच्या तीन प्रसंगांत मिळून ‘असं तिला वाटलं’ एकोणीस वेळा होतं. ‘आपण’ वापरून ते सहावर आलं, आणि सहाही ठिकाणी राहू दिलं, कारण तिथे अंतर हवं होतं. हे काम नियमाला अपवाद आहे, पहिल्या खर्ड्यात दुरुस्ती नाही असं ठरलं होतं. पण निवेदनाची जागाच चुकत असेल तर पुढची सगळी प्रकरणं चुकीच्या जागेवरून लिहिली जातात. तेवढ्यासाठी तीन दिवस दिले.

२४ ऑगस्ट

ले ग्विनचा एक सराव करून पाहिला. २०० ते ३५० शब्दांचं वर्णन, एकही विशेषण नाही, एकही क्रियाविशेषण नाही, संवादही नाही.

मराठीत आधी हद्द आखावी लागते. ‘रुतलेली कडी’ यातलं ‘रुतलेली’ विशेषणाचं काम करतं, पण ते धातूपासून आलंय. ‘भराभर’, ‘खळखळून’ ही तर भाषेची नाडी. कडक अर्थाने गेलं तर हेही सगळं बाद होतं. ठरवलं असं : धातुसाधितं चालतील, बाकी नाही. टँकर येण्याचं वर्णन २६० शब्दांत झालं. फायदा अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. विशेषणं गेल्यावर क्रियापदांचा तुटवडा उघडा पडला, ‘होतं’ आणि ‘आलं’ मिळून एकवीस वेळा. भांडी ‘होती’ याऐवजी कळशा कळशांवर आपटायला लागल्या तेव्हा वर्णन हललं. हा तुकडा कादंबरीत जशाचा तसा घालायचा नाही. तो रियाज आहे, तिथेच ठेवायचा.

१४ सप्टेंबर

पहिला खर्डा संपला. ४४,३०० शब्द, अठरा प्रकरणं. समासात फुल्या ३१२.

गठ्ठा बांधून कपाटाच्या वरच्या खणात. किंग किमान सहा आठवडे म्हणतो, म्हणजे २६ ऑक्टोबर. मध्ये दिवाळी आहे, तेव्हा हे जमेल. या काळात हस्तलिखिताच्या फाइलला हात लावायचा नाही. वाचायला मराठीतलं : नरहर कुरुंदकरांचं ‘धार आणि काठ’, म्हणजे आपल्या कादंबऱ्यांकडे जाणकार कसा बघतो ते कळेल, आणि विलास सारंगांचं ‘सर्जनशोध आणि लिहिता लेखक’. ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ही आहे, पण ते शेवटी. त्यातल्या रेखीव कथानकाच्या आवडीचा आत्ता प्रभाव पडला तर लेखिका सातवं प्रकरण, ते टँकरची वाट बघण्याचं, काढून टाकेल. तेच तिचं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे.

२७ ऑक्टोबर

दोरी सोडली. ब्राउन आणि किंग.

पहिलं वाचन एका बैठकीत, हातात पेन्सिल नाही. दुसरं वाचन प्रकरणवार. त्यांच्या पुस्तकात एक सूचना वारंवार येते : समजावून सांगायचा मोह आवरा. नवशिक्याच्या संवादात हा दोष हटकून असतो. हे बघा, सहाव्या प्रकरणातलं :

“माझ्या दुधाला एवढी कमी फॅट कशी लागली?” सुमन रागाने म्हणाली. तिला नानाचा संशय येत होता.
“मशीन दाखवतं तेच मी लिहितो,” नाना थंडपणे म्हणाला. त्याला तिच्याशी वाद घालायचा नव्हता.

राग प्रश्नात आहेच. मग ‘रागाने’ आहे. मग संशयाचं स्पष्टीकरण आहे. एकाच खिळ्यावर तीन हातोडे. दुरुस्तीनंतर :

“नानाभाऊ, कालच्यापेक्षा पाच पॉइंट कमी?”
“मशीन दाखवतं ते लिहितो मी.”
“ढवळलं होतं का पण?”
नानाने मागच्या किटलीचं झाकण काढलं. “सरका वहिनी, रांग बघा केवढी झालीय.”

एकही ‘म्हणाली’ नाही, तरी कोण बोलतंय यात गोंधळ नाही. इंग्रजी पुस्तकं सांगतात की साधं ‘म्हणाला’ वापरा, ते वाचकाला दिसतच नाही. मराठीत आपल्याकडे त्याहून जास्त आहे : ‘नानाभाऊ’, ‘वहिनी’ या हाका आणि क्रियापदाचं लिंग. बाई आणि पुरुष बोलत असतील तर कितीतरी ओळी ‘म्हणाला’शिवाय जातात. दोन बायका, दोघीही एकमेकींना ‘तू’ म्हणणाऱ्या, अशा वेळी चारेक ओळींनंतर वाचक बोट ठेवून मोजायला लागतो. सुमन आणि जाऊ यांच्या प्रसंगात हे झालं, तिथे दोन ‘म्हणाली’ परत घातले.

‘रागाने’, ‘थंडपणे’ काढल्यावर भाव कुठून आणायचा, असा लेखिकेचा प्रश्न होता. बरेचदा तो वाक्याच्या शेवटच्या एकदोन शब्दांत असतो. ‘सांगितलं ना’ यात वैताग, ‘सांगितलं की’ यात समजूत, ‘सांगितलं तर होतं’ यात तक्रार. नानाला ‘लिहितो मी’ असं उलट्या क्रमाने बोलायला लावलं ते यासाठीच, ‘मी’ शेवटी आला की बोलणं संपल्याचा बंद दरवाजा ऐकू येतो.

३ नोव्हेंबर

संगणकावर शोध. पात्र आणि दृश्य यांच्यामध्ये उगीच उभे राहणारे शब्द काढायचे : ‘तिला दिसलं की’, ‘तिला जाणवलं की’, ‘तिने पाहिलं की’. ‘तिला दिसलं की गाय बसली आहे’ याऐवजी ‘गाय बसली होती’. पाहणारी तीच आहे, आणखी कोण असणार?

शब्द पूर्ण शोधायचा नाही, मूळ शोधायचं. ‘जाणव’ टाकलं की जाणवलं, जाणवायला, जाणवत सगळं सापडतं : ५८. ‘वाट’ टाकलं तर मात्र रस्ता, वाटी आणि वाटणी यांचा पूर येतो, तिथे ‘वाटल’ आणि ‘वाटत’ वेगवेगळं शोधावं.

केलं-केले यांची सरमिसळ निघाली, मुख्यतः ऑगस्टमधल्या प्रकरणांत. ‘सगळीकडे बदला’ हे बटण इथे दाबायचं नाही. ‘होते’ हे ‘ते पुस्तक होते’मध्येही आहे आणि ‘बैल उभे होते’मध्येही. पहिलं बदलायचं, दुसरं बदललं तर ‘बैल उभे होतं’ छापून येईल. ‘केले’चंही तसंच. एकेक बघत जायचं, दोन दिवस गेले.

एक फसवा प्रकार : ‘शेजाऱ्या’ शोधलं आणि निम्म्या जागा सापडल्याच नाहीत. ‘ऱ्य’ हे अक्षर दोन तऱ्हेने टंकता येतं, आणि दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात. एकात युनिकोडमधलं U+0931 हे अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं U+200D. शोधयंत्राला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. लेखिका घरी संगणकावर आणि प्रवासात फोनवर लिहायची, म्हणून दोन्ही आली. आधी एकाचं दुसऱ्यात रूपांतर करून घेतलं आणि मग बाकीचे शोध परत चालवले. ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘चाऱ्या’ यांचे आकडे तेव्हा बरोबर आले. दुष्काळावरच्या कादंबरीत ‘चाऱ्या’ चुकवून चालणार नव्हतं.

१६ नोव्हेंबर

काटछाट. स्टीफन किंगने पुस्तकात दिलेलं सूत्र : दुसरा खर्डा म्हणजे पहिला वजा दहा टक्के. शाळेत असताना एका नकारपत्रावर त्याला ते लिहून आलं होतं. ४४,३०० मधून ४,४३० जायला हवेत.

काय काढायचं हे कळेना तेव्हा ले ग्विनचा शेवटचा सराव वापरला : एक लांब तुकडा निम्म्यावर आणायचा, सारांश न करता. परतीच्या एसटीची दोन पानं घेतली, ५४० शब्द. २७० वर आणली. मग दोन्ही शेजारी ठेवली. निम्मी आवृत्ती फार कोरडी झाली होती. पण काढलेल्यातलं जे परत घालावंसं वाटलं ते फक्त ९० शब्दांचं होतं : खिडकीतून दिसणारी कोरडी विहीर आणि ब्लाउजमध्ये ठेवलेल्या नोटांचा टोचणारा कोपरा. बाकीचे १८० कुणाला आठवलेही नाहीत. म्हणजे त्या प्रसंगाची खरी लांबी ३६०.

प्रत्येक प्रकरणातला एकच प्रसंग असा निम्म्यावर आणून बघायचा. त्यातून त्या प्रकरणात मेद कुठे साचतो ते कळतं आणि उरलेलं प्रकरण नेहमीसारखं कापता येतं. लेखिकेचा मेद प्रसंगाच्या पहिल्या पाच ओळींत आहे : पात्र निघालं, पोचलं, बसलं, पाणी प्यायलं. ते गेलं की प्रसंग मधूनच सुरू होतो आणि काही बिघडत नाही. पहिली सहा प्रकरणं १४,२०० वरून १२,६५० वर आली.

सातव्या प्रकरणाला हात लावलेला नाही. तिथे लोकांचं बसणं, उठणं, पाणी मागणं हाच विषय आहे. त्यातल्या आठ फुल्यांपैकी सहा शुद्धलेखनाच्या निघाल्या, त्या दुरुस्त केल्या. आठवं प्रकरण उद्या.